आजचे चिंतन : गीता, अध्याय ३, श्लोक १३



आजच्या श्लोकात भगवंत सांगतात की यज्ञ करून उरलेलं खाणारे दोषातून सुटतात, आणि जे फक्त स्वतःपुरतं शिजवतात ते पापच खातात. वाचायला सोपं आहे. पण चुलीपुढे उभं राहिलं की कळतं, यज्ञात नेमकं काय टाकायचं हा प्रश्न किती अवघड आहे.

मला इथे लक्ष्मीबाई पाटील आठवतात, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी. कर्मवीरांचं घराणं सांगली जिल्ह्यातल्या ऐतवडे बुद्रुकचं. १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू झालं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची. सोवळं-ओवळं पाळणाऱ्या जैन घरातल्या लक्ष्मीबाई त्या मुलांना रांधून वाढायच्या.

अडीअडचणीला एकेक दागिना गेला. शेवटी उरलं मंगळसूत्र. एकदा असं झालं म्हणे, की कोठीत दाणा नाही, भाऊराव गावी नाहीत आणि मुलं भुकेली.

आता विचार करा. मंगळसूत्र ठेवणं हा काही स्वार्थ नव्हे. त्या काळी सवाष्णीने गळा मोकळा ठेवणं म्हणजे अशुभच. शिवाय सोनं हाच बाईचा आधार, आणि पदरी स्वतःची लेकरं होती. म्हणजे ठेवणं हाही धर्मच. पण ठेवलं तर मुलं उपाशी राहणार, किंवा गावी परत जाणार. खेड्यातल्या गरिबाच्या पोरासाठी परत जाणं म्हणजे शाळा संपली.

लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र काढून दिलं. धान्य आलं, चूल पेटली, मुलं जेवली. त्यांनी यावर काही प्रवचन केलं नाही. त्यांचं उत्तर ताटात वाढलेलं होतं.

मला यातून एक कसोटी सापडते. दोन्हीकडे धर्म दिसतो तेव्हा विचारावं, झळ कुणाला बसणार? ठेवलं असतं तर किंमत मुलांनी मोजली असती. दिलं तेव्हा ती मोठ्या अंशी त्यांनी स्वतः मोजली. मोठ्या अंशीच म्हणते, कारण घरच्या लेकरांचा आधारही त्यात गेला. ते नुकसान खरंच होतं, पुण्याच्या हिशेबात ते पुसून टाकू नये.

आणि एक मर्यादाही आहे. मंगळसूत्र एकदाच देता येतं, भूक रोज लागते. १९३० साली लक्ष्मीबाई गेल्या. रयत शिक्षण संस्था टिकली ती मुलांनी स्वतः राबून शिकण्याच्या वाटेने, ‘कमवा आणि शिका’ म्हणत. एकाच्याच त्यागावर यज्ञ चालत नाही. श्लोकातही खाणारे अनेक आहेत, तसे टाकणारेही अनेक हवेत.

आज जेवायला बसण्याआधी एवढंच पाहू या, की आपल्या ताटाची किंमत कोण मोजतंय.

।। श्रीकृष्णार्पणमस्तु ।।