आठवा सर्व्हर

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीत नाइट कॅपिटल नावाची एक मोठी दलाली पेढी होती. इतर दलालांकडून गुंतवणूकदारांच्या ऑर्डरी तिच्याकडे येत. पेढीची ‘स्मार्स’ नावाची प्रणाली प्रत्येक ऑर्डरीचे लहान तुकडे करून ते बाजारात पाठवत असे. मूळ ऑर्डर हजार शेअरची असेल, तर हजार शेअर मिळेपर्यंत तुकडे पाठवायचे आणि मग थांबायचं. हे थांबणं लक्षात ठेवा, कारण पुढची सारी गोष्ट त्याच्यावरच आहे.

2012 साली न्यूयॉर्क शेअरबाजार किरकोळ गुंतवणूकदारांसाठी एक नवी योजना सुरू करणार होता. सुरुवातीची तारीख होती 1 ऑगस्ट. तिच्यात पहिल्या दिवसापासून भाग घ्यायचा म्हणून पेढीने स्मार्ससाठी नवा कोड लिहिला. हा कोड ज्याची जागा घेणार होता, तो ‘पॉवर पेग’ नावाचा जुना कोड होता. त्याचा वापर 2003 मध्येच बंद झाला होता, पण तो सर्व्हरवरून काढला मात्र कोणी नव्हता. त्यातच 2005 मध्ये ‘किती शेअर मिळाले’ हे मोजणारा भाग स्मार्समध्ये दुसऱ्या जागी हलवला गेला आणि त्यानंतर पॉवर पेगची चाचणी कोणी घेतली नाही. म्हणजे तो कोड आता जागा झाला असता, तर तुकडे पाठवत राहिला असता. थांबायचं कधी, हे त्याला कळण्याची सोय उरली नव्हती.

नव्या योजनेची ऑर्डर ओळखण्यासाठी प्रोग्रामरांनी एक फ्लॅग वापरायला घेतला. पूर्वी पॉवर पेग सुरू करायला वापरत तोच. नवा कोड आला की जुना जाईल, मग फ्लॅगला एकच अर्थ उरेल, असा हिशेब होता. हिशेब चूक नव्हता, पण त्याला एक अट होती: फ्लॅग असलेली पहिली ऑर्डर येण्याआधी सगळ्या आठ सर्व्हरवर नवा कोड असला पाहिजे. माझ्या मते कटओव्हरच्या कागदावर पहिली ओळ हीच हवी होती.

27 जुलैपासून कोड थोड्याथोड्या सर्व्हरवर चढवायला सुरुवात झाली. टप्प्याटप्प्याने जाणं ही चांगलीच पद्धत आहे. पण काम करणाऱ्या तंत्रज्ञाकडून आठपैकी एका सर्व्हरवर कोड चढवायचा राहिला. दुसऱ्या माणसाने ते काम तपासावं असा लेखी नियम नव्हता, त्यामुळे ते कोणी तपासलं नाही. पुढचे काही दिवस शांत गेले. ती शांतता फसवी होती. योजना सुरू व्हायची असल्यामुळे फ्लॅग लावलेली ऑर्डर अजून एकही आली नव्हती. कोड सर्व्हरवर पोहोचणं वेगळं आणि प्रत्यक्ष कामाला लागणं वेगळं. या दोन्हींमधल्या काळात काही बिघडलं नाही, एवढ्यावरून सगळं ठीक आहे असं ठरत नाही.

अशी उणीव पकडायला फार मोठं साधन लागत नाही. समजा सर्व्हरांची नावं r1 ते r8 आहेत, तर ही एक ओळ पुरते:

```
for s in r1 r2 r3 r4 r5 r6 r7 r8; do ssh $s sha256sum /opt/router/router.bin; done
```

प्रत्येक सर्व्हर आपल्याकडच्या फाइलचा ठसा सांगतो. सात ठसे एक आणि आठवा निराळा दिसला, की कटओव्हर तिथेच थांबवायचं. ही ओळ चढवणाऱ्याने नव्हे, दुसऱ्याने चालवायची आणि आलेलं उत्तर रनबुकला जोडायचं. ‘केलं’ अशी नुसती खूण पुरत नाही.

1 ऑगस्ट उजाडला. बाजार साडेनऊला उघडायचा होता. सकाळी 8 वाजून 1 मिनिटाच्या सुमारास पेढीच्या एका अंतर्गत प्रणालीकडून कर्मचाऱ्यांना आपोआप ई-मेल जाऊ लागले. त्यांत स्मार्सचा उल्लेख होता आणि त्रुटीचं वर्णन होतं, ‘Power Peg disabled’. नऊ वर्षं न वापरलेल्या कोडचं नाव गो-लाइव्हच्या सकाळी यावं, याहून स्पष्ट खूण कोणती असणार? बाजार उघडण्याआधी असे 97 ई-मेल गेले. पण ते धोक्याचा इशारा म्हणून ठरवलेले नव्हते आणि ते आल्या आल्या सहसा कोणी वाचत नसे. गो-लाइव्हनंतरच्या आधारासाठी, म्हणजे हायपरकेअरसाठी, माणसं बसवतो तेव्हा आपण फोन कोण घेणार हे ठरवतो. कुठला संदेश कोण वाचणार आणि तो वाचून काम थांबवण्याचा अधिकार कोणाला, हेही तितक्याच नेमकेपणाने ठरवावं लागतं. इथे जवळजवळ दीड तास हाताशी होता. तो तसाच गेला.

साडेनऊला ऑर्डरी आल्या. सात सर्व्हरांनी त्या नीट हाताळल्या. आठव्याने फ्लॅग पाहिला, पॉवर पेग जागा केला आणि तुकडे पाठवायला सुरुवात केली. ऑर्डर कधीच पूर्ण झाली होती, तरी तुकडे जातच राहिले.

आता रोलबॅककडे पाहा, कारण खरी शिकवण तिथे आहे. चालू बाजारात लोक कारण शोधत होते. नवा कोड आजच कामाला लागला आणि आजच बिघाड झाला, तेव्हा दोष नव्या कोडचाच असणार, असं वाटणं स्वाभाविक होतं. त्यांनी सातही सर्व्हरवरून नवा कोड काढून टाकला. पण फ्लॅग कोडमध्ये नव्हता, तो बाहेरून येणाऱ्या ऑर्डरींवर होता आणि ऑर्डरी चालूच होत्या. जे सात सर्व्हर बरोबर चालले होते, तिथेही आता पॉवर पेग जागा झाला. मागे घेण्याच्या पावलानेच नुकसान वाढलं.

कोड जुना झाला म्हणजे प्रणाली जुन्या स्थितीला गेली, असं होत नाही. कोड, साठलेली माहिती आणि बाहेरून येणारं काम, ही तिन्ही एकाच काळातली असावी लागतात. म्हणून इथे पहिलं पाऊल ऑर्डरी अडवण्याचं असायला हवं होतं. त्यानंतर स्मार्स बंद करायची, आठही ठसे पाहायचे आणि मगच कुठला कोड ठेवायचा ते ठरवायचं. हा क्रम गोंधळाच्या वेळी सुचत नाही. तो आधी लिहून, सरावाच्या सर्व्हरवर एकदा करून पाहावा लागतो. शिवाय काही गोष्टी मागे घेताच येत नाहीत. बाजारात घेतलेला शेअर कोड बदलल्याने परत जात नाही. त्यामुळे ‘अमुक मर्यादेपलीकडे खरेदी गेली, तर कारण न शोधता बंद करा’ हा आकडाही आदल्या दिवशीच ठरलेला हवा, आणि बंद करणाऱ्याला कोणाची परवानगी मागावी लागता कामा नये.

सुमारे 45 मिनिटांनी ऑर्डरी थांबल्या. आलेल्या मूळ ऑर्डरी होत्या 212. त्यांच्यापोटी 40 लाखांहून अधिक व्यवहार झाले होते आणि नको असलेले शेअर निस्तरताना पेढीला 46 कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला. काही दिवसांत बाहेरच्या गुंतवणूकदारांनी 40 कोटी डॉलर घालून तिला तगवलं, पण पुढच्या वर्षी तिचं गेटको या कंपनीशी विलीनीकरण झालं.

ऑक्टोबर 2013 मध्ये अमेरिकेच्या शेअरबाजार नियामकाने 1 कोटी 20 लाख डॉलरचा दंड ठोठावला. आठवा सर्व्हर विसरणाऱ्या तंत्रज्ञाला नव्हे, पेढीला. दुसऱ्याने तपासण्याचा नियम नाही, बिघाडाच्या वेळी काय करायचं याची पुरेशी लेखी पद्धत नाही, या उणिवा आदेशात नोंदल्या आहेत. मला तो न्याय योग्य वाटतो. एक माणूस एक सर्व्हर विसरू शकतो, हे त्या पेढीला 27 जुलैच्या आधीही माहीत असायला हवं होतं.