एक दिवस राहिला, त्याच्या दुसऱ्या सकाळचा निरोप



आपल्या बडोद्याच्या ग्रुपवर दासबोधाचा रोज एक समास वाचायचा आणि झाला की नावापुढे हिरवी खूण करायची, असं चाललंय. दशक वीस, प्रत्येकात दहा समास, म्हणजे दोनशे दिवसांचा नेम. यादी माझ्याकडे. रात्री दहाला मी लिहीत असे, "आज कोण कोण राहिलं?" आणि खाली नावं. यात काही वावगं आहे असं मला कधी वाटलं नाही.

सदतिसाव्या दिवशी एका मावशींच्या नातवाला ताप आला आणि समास राहिला. रात्री त्यांचं नाव यादीत. कोणीतरी लगेच लिहिलं, "मावशी, तुम्हीसुद्धा?" दुसऱ्या दिवशी नातू खेळत होता, वेळही होता, पण मावशींनी पोथी उघडली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मी फोन केला तेव्हा म्हणाल्या, "खंड पडलाच आहे ना आता! पुढच्या रामनवमीपासून नव्याने धरीन."

पहिला दिवस तापामुळे गेला. पण दुसरा कशामुळे गेला? तो बहुतेक माझ्या यादीमुळे गेला, असं मला आता वाटतं.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे एकेक नवी सवय लावायला सांगितली होती. हा अभ्यास २०१० साली छापून आला. त्यात दिसलं की मधली एखादी संधी हुकली तरी सवय बसण्यावर फारसा परिणाम होत नाही. म्हणजे एका दिवसाने काही मोडत नाही. मोडतं ते "आता मोडलंच" या समजुतीने. पथ्य पाळणाऱ्यांवरचा १९७५ सालचा एक प्रयोगही असाच आहे. त्यांना आधी मिल्कशेक प्यायला दिला आणि मग आइस्क्रीम समोर ठेवलं, तर त्यांनी ते कमी नव्हे, जास्तच खाल्लं. पथ्य मोडलंच, मग हात कशाला आखडायचा! "सलग दोनदा चुकवू नका" हा नियम जेम्स क्लिअर यांच्या २०१८च्या पुस्तकामुळे बराच पसरला. त्याचं बळ इथेच आहे. तो लक्ष कालवरून काढून आजवर आणतो.

मग चुकलेल्याला सांगायचं काय? "काही हरकत नाही" म्हणावं, तर ते खरं नाही; हरकतच नसेल तर नेम कशाला धरला? रागवावं, तर ती व्यक्ती लपायला लागते. मला वाटतं, घडलेली गोष्ट सांगावी, निवाडा देऊ नये. मावशींना तेव्हा जायला हवा होता तो निरोप असा:

"मावशी, नमस्कार. काल चौथ्या दशकाचा सातवा समास राहिला. आज तोच घ्यायचा, दोन नाहीत. संध्याकाळी देवापाशी दिवा लावलात की तिथेच बसून पहिल्या पाच ओव्या वाचा. पुढचं जमेल तसं. उत्तर पाठवायची गरज नाही."

यात "काय झालं?" हे मुद्दाम नाही. कारण विचारलं की माणूस सबब शोधतो, आणि सबब सापडली की ती उद्याही चालते. "दोन नाहीत" हे सर्वांत महत्त्वाचं. बाकी साठायला लागली की पोथी कर्जाच्या वहीसारखी वाटते. पाच ओव्या एवढ्यासाठी की दमलेल्या माणसालाही नाही म्हणता येऊ नये. आणि हा निरोप एकट्याला, सकाळी पाठवायचा. रात्री दहाला करण्यासारखं काही उरलेलं नसतं, उरते ती फक्त खंत.

दुसराही दिवस गेला तर? मग निरोप नको, फोन करावा, आणि तोही पोथीबद्दल नव्हे, घरी सगळं ठीक आहे ना हे विचारायला. आजारपण, सोयर-सुतक असेल तर ते दिवस मोजायचेच नाहीत, तो थांबा आहे. याउलट आपले एक काका एक दिवस वाचतात, एक दिवस सोडतात. सलग दोनदा कधी चुकत नाहीत, नियमात अगदी बसतात! पण महिन्यात पंधराच समास होतात. तिथे निरोपाचा उपयोग नाही, वेळच चुकलेली आहे. त्यांना रात्रीऐवजी सकाळच्या चहाआधी वाचायला सांगितलंय, बघू.

हिरवी खूण राहू दिली आहे, राहिलेल्यांची यादी मात्र बंद केली. एका दादांचं म्हणणं, धाकच नसेल तर नेम ढिला पडेल. त्यांचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. काहींना नाव झळकायची भीतीच उठवते. पण त्या भीतीने उठणारे पहिला दिवस सहसा चुकवत नाहीत, आणि हा निरोप चुकलेल्यांसाठी आहे.

मावशींनी रामनवमीची वाट पाहिली नाही. फोननंतर दोन दिवसांनी त्यांच्या नावापुढे खूण दिसली, त्याच सातव्या समासाची.