शंभराचा कागद सत्त्याऐंशीला

15 जुलै 2013 च्या रात्री रिझर्व्ह बँकेने एक विचित्र वाटणारा निर्णय घेतला. रेपो दर 7.25 टक्क्यांवर तसाच ठेवला, पण बँकांना अडीअडचणीला एका रात्रीपुरते पैसे देण्याच्या खिडकीचा दर एकदम दोन टक्क्यांनी चढवून 10.25 टक्के केला. शिवाय रेपोच्या दराने मिळणाऱ्या पैशाला मर्यादा घातली. रुपया घसरत होता आणि त्याच्यावर सट्टा खेळणाऱ्यांना उसने रुपये महाग पडावेत, हा हेतू होता. दुसऱ्या दिवशी रोखेबाजारात पडझड झाली. त्यानंतरचे काही आठवडे म्हणजे रोख्यांचे भाव आणि उलट्या पडलेल्या परतावा-रेषेचा वस्तुपाठच होता, आणि तो अमेरिकेतला नव्हे, आपला होता.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात केंद्र सरकारने दहा वर्षांचा एक रोखा विकायला काढला होता. व्याज 7.16 टक्के, मुदत 2023 पर्यंत. शंभर रुपयांच्या रोख्यावर सरकार दरवर्षी 7 रुपये 16 पैसे देणार आणि शेवटी शंभर रुपये परत करणार. हे आकडे रोख्यावर कायमचे कोरलेले असतात. बाजारात काहीही घडो, सरकार 7.16 चे 9 देणार नाही आणि 5 ही देणार नाही. ऑगस्टमध्ये मात्र दहा वर्षांच्या सरकारी उसनवारीचा बाजारदर 9 टक्क्यांच्या वर गेला. ज्याला आज 9.20 टक्के मिळू शकतात, तो 7.16 टक्क्यांचा कागद शंभर रुपयांना का घेईल? तो भाव पाडून मागणार. किती पाडून? पुढे मिळणारे सगळे हप्ते आणि शेवटची रक्कम मिळून त्याला 9.20 टक्के सुटतील इतका. हिशेब केला, तर हा भाव 87 रुपयांच्या आसपास येतो. तीन महिन्यांत शंभरातले तेरा रुपये गेले, तेही सरकारने एक पैसा न बुडवता.

मुदत इथे निर्णायक ठरते. याच रोख्याला फक्त एक वर्ष उरले असते, तर खरेदीदाराचा तोटा एका वर्षापुरता, म्हणजे दोन रुपयांचा. भाव 98 च्या पुढेमागे राहिला असता. दहा वर्षे उरली असतील तर दरवर्षीचे दोन-दोन रुपये आजच भावातून वळते होतात. (उद्याचे दोन रुपये आजच्या दोन रुपयांपेक्षा कमी मोलाचे, म्हणून ते वीस न होता तेरा होतात.) सरकारी रोखा सर्वांत सुरक्षित, हे आपण ऐकत आलो ते खरे आहे, पण ती सुरक्षितता मुदतीअखेरच्या शंभर रुपयांची. मधल्या एखाद्या मंगळवारी त्याचे किती येतील, याची हमी कोणीच दिलेली नसते.

शिरूर किंवा दौंडच्या माणसाचा याच्याशी संबंध काय, तर ठेवीदार म्हणून थेट. उसाचे बिल, रांजणगावच्या कारखान्यातला पगार, रेल्वेतून निवृत्त झालेल्याचा फंड हे सगळे बँकेत येते आणि कायद्याने बँकेला ठेवींचा ठरावीक हिस्सा सरकारी रोख्यांत वगैरे ठेवावाच लागतो. सहकारी बँकांसाठी आज तो 18 टक्के आहे. म्हणजे ज्याने आयुष्यात रोखा पाहिलेला नाही, त्याच्या पैशाचाही एक भाग रोख्यांत असतो.

बँकेच्या हिशेबात या रोख्यांचे दोन मुख्य कप्पे असतात. एक मुदतपूर्तीपर्यंत धरून ठेवायच्या रोख्यांचा, दुसरा विकता येतील अशांचा. दुसऱ्या कप्प्यातले रोखे बाजारभावाने मांडावे लागतात, पहिल्यातले नाही. 2013 च्या ऑगस्टमध्ये तोटे फुगू लागले, तेव्हा रिझर्व्ह बँकेने व्यापारी बँकांना काही रोखे 15 जुलैच्या भावाने पहिल्या कप्प्यात हलवायची मुभा दिली आणि उरलेला तोटा त्या आर्थिक वर्षाच्या बाकी काळात विभागून दाखवू दिला. यावर लबाडी म्हणून टीका करता येते. मला ती पूर्ण लबाडी वाटत नाही. रोखा शेवटपर्यंत धरला, तर शंभर रुपये खरोखरच मिळतात. पण तो शेवटपर्यंत धरता येईल की नाही, हे बँक ठरवत नाही, ठेवीदार ठरवतात. ते एकदम पैसे मागू लागले, तर कागदावरचा तोटा त्याच दिवशी खरा होतो. मार्च 2023 मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक अशाच तऱ्हेने बुडाली, आणि तिच्याकडचे कागद बहुतांशी सरकारी किंवा सरकारच्या पाठबळाचे होते.

आता उलट्या रेषेकडे. आडव्या अक्षावर मुदत आणि उभ्या अक्षावर त्या मुदतीचा परतावा मांडला, तर रेषा एरवी चढती असते. जास्त काळ पैसे अडकवणारा जास्त व्याज मागतो. 2013 च्या ऑगस्टमध्ये 91 दिवसांच्या ट्रेझरी बिलाचा परतावा 11 टक्क्यांच्या आसपास होता आणि दहा वर्षांचा 9 च्या आसपास. रेषा उलटी पडली होती.

अमेरिकेत असे झाले की मंदी येणार, असे म्हणतात. कॅम्पबेल हार्वे यांनी 1986 च्या आपल्या प्रबंधात ही सांगड मांडली. युक्तिवाद असा, की पुढे मंदी येईल आणि दर उतरतील असे वाटणारे लोक आजचा दर लांब मुदतीसाठी बांधून घेतात. त्यांच्या खरेदीने लांबच्या रोख्याचा भाव चढतो आणि म्हणूनच परतावा उतरतो. नियम तोच, दिशा उलटी. 2006-07 मध्ये रेषा उलटली आणि मंदी आली. पण जुलै 2022 पासून दोन वर्षांहून अधिक काळ दोन आणि दहा वर्षांच्या परताव्यांची रेषा उलटी राहिली आणि तोवर मंदी काही आली नाही. 1966 मध्येही हा इशारा फसला होता.

आपल्याकडे 2013 मध्ये तर हा अर्थ लागूच नव्हता. लांबचे दर उतरले म्हणून रेषा उलटली नव्हती. उलट ते चढलेच होते. जवळचे दर रिझर्व्ह बँकेने रुपयासाठी मुद्दाम त्यांच्याही वर उचलले होते. सप्टेंबरमध्ये नवे गव्हर्नर रघुराम राजन यांनी तो आपत्कालीन दर खाली आणायला सुरुवात केली, ऑक्टोबरअखेर तो 8.75 टक्क्यांवर आला आणि देशात मंदी आली नाही. म्हणून रेषा उलटी आहे एवढे ऐकून थांबू नये. कोणते टोक हलले आणि ते कोणी हलवले, हे विचारावे.

भाकीत म्हणून ती कच्ची असली, तरी खर्च म्हणून ती खरी असते. थोड्या मुदतीच्या ठेवी घ्यायच्या आणि लांब मुदतीसाठी लावायच्या, हा बँकेचा आणि पतसंस्थेचा धंदा. जवळचा पैसा लांबच्यापेक्षा महाग झाला की त्यातला नफाच आक्रसतो. साखर कारखान्याचेही तेच. ऊस आल्यावर चौदा दिवसांत बिल द्यायचे आणि साखर मात्र महिनोन् महिने विकत बसायची. मधला काळ साखरेच्या तारणावर उचललेल्या अल्पमुदतीच्या कर्जावर निघतो. जवळचे दर चढे राहिले, तर गोदामात पडून राहणारे प्रत्येक पोते दर महिन्याला महाग होत जाते, मंदी येवो वा न येवो.

सहकारी बँकेच्या वार्षिक सभेत बहुधा लाभांशावर चर्चा होते. अहवालात मात्र ‘गुंतवणूक चढ-उतार निधी’ नावाची एक ओळ असते. रोख्यांचे भाव पडतील त्या दिवसासाठी बाजूला काढलेली ही रक्कम. तिच्या जोडीला गुंतवणुकीची पुस्तकी किंमत आणि बाजारभाव यांतला फरक पाहावा आणि रोख्यांची सरासरी मुदत किती, हे उभे राहून विचारावे. फरक निधीपेक्षा मोठा असेल आणि मुदत लांबची असेल, तर ती बँक तिचे ठेवीदार शांत बसण्यावर अवलंबून आहे.