गोळी मूत्राशयासाठी, परिणाम आतड्यात

पस्तिशीतल्या बाईला उन्हाळी लागली आहे. लघवीला जळजळ, दर अर्ध्या तासाने जावे लागते. ताप नाही, कुशीत दुखत नाही, दिवस गेलेले नाहीत. म्हणजे संसर्ग मूत्राशयापुरता, आणि जंतू बहुधा ई. कोलाय. डॉक्टर नायट्रोफ्युरँटॉइन लिहू शकतात: १०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, पाच दिवस. किंवा सेफिक्झिम. 'जरा स्ट्राँग द्या' असे पेशंट म्हणाला की बहुतेक वेळा दुसरे नाव लिहिले जाते.

आता या गोळ्या पोटात गेल्यावर कुठे जातात ते पाहू. नायट्रोफ्युरँटॉइन लहान आतड्याच्या वरच्या भागातच जवळजवळ सगळे शोषले जाते आणि मूत्रपिंडातून थेट लघवीत उतरते. मोठ्या आतड्यापर्यंत फारसे पोचतच नाही. सेफिक्झिमचा निम्म्याहून अधिक भाग मात्र शोषला न जाता मोठ्या आतड्यात उतरतो. तिथे अब्जावधी निरुपद्रवी जंतू नांदत असतात, आणि औषधाला दाद देणारे त्यांतले बरेच मरतात. उरतात ते ईएसबीएल नावाचे, अशी औषधे तोडणारे एन्झाइम बाळगणारे ई. कोलाय. आधी ते मूठभर होते. आता त्यांना रान मोकळे मिळते.

बाईची जळजळ दोन्ही गोळ्यांनी थांबते, म्हणूनच हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. पण हे एन्झाइम बनवणारे जनुक प्लाझ्मिडवर असते, डीएनएच्या अशा छोट्या कड्यावर जे एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाते. त्याच कड्यावर इतर औषधांना न जुमानण्याची जनुकेही असतात, त्यामुळे एका औषधाच्या वापराने दुसऱ्याचाही प्रतिकार वाढतो. हे जंतू आतड्यात महिनोन्‌महिने टिकतात. हातावरून, संडासातून, सांडपाण्यातून घरात आणि वस्तीत पसरतात. उद्या सेफिक्झिम कधीच न घेतलेल्या शेजारणीला उन्हाळी लागली, तरी तिच्यावर ते चालेलच असे नाही. एकाने घेतलेल्या औषधाची किंमत दुसऱ्याने मोजावी, असे दुसरे औषध मला आठवत नाही.

प्रतिकाराचा हाच धोका लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिक्सचे ॲक्सेस, वॉच आणि रिझर्व्ह असे तीन गट केले. नायट्रोफ्युरँटॉइन पहिल्या गटात आहे, सेफिक्झिम दुसऱ्यात.

नायट्रोफ्युरँटॉइनसारख्या अरुंद पल्ल्याच्या औषधाला मर्यादाही आहेत. ते रक्तात आणि मूत्रपिंडाच्या ऊतीत पुरेसे साठत नाही. म्हणून थंडी वाजून ताप आला, कुशीत दुखू लागले, तर ते कामाचे नाही. मूत्रपिंड नीट चालत नसेल तरीही नाही. रक्तात संसर्ग पसरून रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला तर पहिल्या तासात रुंद पल्ल्याचेच औषध हवे. फक्त ते सुरू करण्याआधी कल्चरसाठी नमुना घेतलेला असावा, आणि दोन-तीन दिवसांत रिपोर्ट आला की औषध बदलून अरुंद करावे. घोडे इथेच अडते: पेशंट सुधारत असतो, चालू औषध बदलायला कोणी धजावत नाही, आणि रिपोर्ट फाइलमध्ये तसाच लागतो.