‘नव्हे’ कुणाला उद्देशून?

दिवंगत कार्यकर्त्यांवरच्या स्मरणिका चाळल्या की एक वाक्य हमखास भेटतं : ‘अण्णा ही व्यक्ती नव्हती, ती एक संस्था होती.’ नाव बदलतं, वाक्य तेच राहतं. कुठे ‘व्यक्ती नसून संस्था’, कुठे ‘केवळ शिक्षक नव्हे, तर दीपस्तंभ’. लिहिणाऱ्याचं प्रेम खरं असतं, दुःखही खरं असतं, आणि तरी वाचणाऱ्याच्या मनात काही हलत नाही. आता दुसरं एक वाक्य पाहा. घरातलं कुणी शांतपणे म्हणतं, ‘मी रागावले नाहीये, मला वाईट वाटलंय.’ समोरचा त्या क्षणी गप्प होतो. दोन्ही वाक्यांची घडण एकच आहे : आधी एक नाकारायचं, मग दुसरं मांडायचं. मग एकात जीव आहे आणि दुसऱ्यात का नाही?

उत्तर बहुतेक जण दुसऱ्या अर्ध्यात शोधतात. संस्था, दीपस्तंभ, चळवळ हे शब्द वापरून गुळगुळीत झाले आहेत, म्हणून ते बदलावेत असं त्यांना वाटतं. मला दोष पहिल्या अर्ध्यात दिसतो. ‘रागावले नाहीये’ म्हणताना बोलणारीला ठाऊक असतं की समोरच्याच्या मनात तीच समजूत बसलेली आहे. तो राग निवळण्याची वाट पाहतो आहे. तिने ती समजूत नेमकी उचलून बाजूला केली. अण्णांच्या बाबतीत मात्र ते नुसती व्यक्ती आहेत असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. जे कुणी बोललंच नाही, तेच स्मरणिकेतलं वाक्य खोडून काढतं आणि खोडल्याचं श्रेय घेतं.

आपल्या अलंकारशास्त्राने या रचनेचा विचार फार बारकाईने केला आहे. शाळेत आपण अपन्हुती अलंकार शिकतो : उपमेयाचा निषेध करायचा आणि त्याच्या जागी उपमान ठेवायचं. हा चेहरा नव्हे, चंद्र आहे, अशा धाटणीचं. शाळेतली ओळख बहुधा तिथेच संपते. सोळाव्या शतकातल्या अप्पय्य दीक्षितांनी ‘कुवलयानंद’ या ग्रंथात अपन्हुतीचे सहा प्रकार वेगळे केले आहेत. त्यातला भ्रांतापन्हुती हा प्रकार मला इथे महत्त्वाचा वाटतो. त्यात नकार देण्याआधी दुसऱ्या कुणाची तरी खरीखुरी चुकीची समजूत झालेली असते. तिथल्या उदाहरणात सखी विचारते, अंग तापलंय, कापतंय, ताप आला का? नायिका सांगते, नाही गं, हे मदनाचं काम आहे. सखीची शंका रास्त आहे, लक्षणं तापाचीच आहेत, म्हणून तो ‘नाही’ आपल्या जागी शोभतो. चेहरा-चंद्राच्या शुद्ध अपन्हुतीत कुणाची फसगत झालेली नसते. तिथला आनंद कल्पनेच्या खेळाचा असतो आणि तो खेळ आहे हे कवीला व रसिकाला दोघांनाही माहीत असतं. स्मरणिकेतलं वाक्य या दोहोंच्या मधोमध अडकतं. दूर करायला त्यात भ्रम नाही, आणि रंगायला खेळही नाही.

नकाराआधी मनात समजूत असावी लागते, हीच गोष्ट विसाव्या शतकात एका मानसशास्त्रज्ञाने प्रयोगाने तपासली. पीटर वेसन हे लंडनचे संशोधक. 1965 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात लोकांना क्रमांक घातलेली आठ रंगीत वर्तुळं दाखवली जात. सात एका रंगाची, एक वेगळ्या. मग त्या वर्तुळांविषयीची अर्धवट वाक्यं पुरी करायला किती वेळ लागतो हे मोजलं जाई. नकारार्थी वाक्यांना एरवी जास्त वेळ लागतो, पण वेगळ्या वर्तुळाविषयीचा नकार लोकांना तुलनेने सोपा गेला. सात तांबड्या वर्तुळांच्या सोबतीत एक निळं असेल, तर ‘चौथं तांबडं नाही’ हे वाक्य मनाला लवकर पटतं, कारण ते तांबडं असेल अशी अपेक्षा आधीच तयार झालेली असते. उलट तांबड्यांपैकी एखाद्याविषयी ‘हे निळं नाही’ म्हटलं, तर मन अडखळतं : निळ्याचा विषय कुठून आला? स्मरणिकेचा वाचकही नेमका तिथेच अडखळतो. फक्त छापील मजकुरात तो विचारायला येत नाही, नजर पुढे सरकवतो.

या रचनेचं मराठीतलं सर्वांत धारदार उदाहरण म्हणून मला ‘केसरी’तला एक मथळा आठवतो. 1897 साल. पुण्यात प्लेगची साथ, घरोघर शिरणारे गोरे शिपाई, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँड आणि आयर्स्ट यांच्यावर झाडलेल्या गोळ्या. त्यानंतर सरकारने साऱ्या पुण्यावरच रोष धरला, शहरावर जादा पोलीस बसवले आणि त्यांचा खर्चही नागरिकांच्याच माथी मारला. त्या जुलैत टिळकांच्या अग्रलेखाचा मथळा होता : ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे’.

हा मथळा सावकाश वाचून पाहा. मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो. त्यामुळे अखेरचा शब्द येईपर्यंत हे एक विधान आहे, जवळजवळ व्याख्या : राज्य करणे म्हणजे सूड उगवणे. सरकारची त्या दिवसांतली वागणूक हीच व्याख्या सिद्ध करत होती आणि पुणेकर ती रोज भोगत होते. वाचकाच्या अनुभवाला ती व्याख्या पटत असतानाच ‘नव्हे’ येतो आणि ती उलथून टाकतो. नाकारलेलं अर्धं इथे पूर्ण जिवंत आहे. त्याचा पुरावा रस्त्यावर उभा आहे आणि त्याचा खर्च वाचकाच्या खिशातून जातो आहे.

दुसरी गोष्ट अशी की, या मथळ्याला ‘तर’ नाही. राज्य करणे म्हणजे काय, हे टिळक मथळ्यात सांगत नाहीत. ते जोडून पाहा : ‘राज्य करणे म्हणजे सूड उगवणे नव्हे, तर प्रजेचे पालन करणे होय.’ वाक्य पूर्ण झालं आणि निवलं. ते शालेय पुस्तकातल्या सुविचारासारखं वाटू लागतं, कारण प्रजापालनाशी सरकारही तोंडाने सहमत होईल. आरोप सगळा नकारात होता. उत्तरार्धाने तो पातळ केला. नाकारलेली गोष्ट भक्कम असेल तर दुसरं अर्धं वाचक स्वतः भरतो, आणि स्वतः भरलेलं त्याला अधिक लागतं.

मराठीत या रचनेच्या जोडण्याही वेगवेगळ्या चालीच्या आहेत. ‘नसून’ नकाराला गौण करतं, तो घाईने उरकतं आणि सगळा भार पुढच्या भागावर टाकतं. अर्ज, अहवाल आणि प्रास्ताविकं यांत ते फार दिसतं, बोलण्यात जवळजवळ कधीच नाही. कुणी आई मुलाला ‘मी रागावलेली नसून दुःखी आहे’ असं म्हणत नाही. बोलताना आपण दोन सुटी वाक्यं करतो आणि मध्ये श्वास घेतो. कधी क्रम उलटा करून आधी हवं ते सांगतो, मग नको ते : ‘पाणी द्या, आश्वासनं नकोत.’ इथे ठोका नकारावर पडतो, कारण आश्वासनं खरोखरच दिली गेली आहेत. ‘केवळ… नव्हे, तर’ हा प्रकार तर विरोधाचा नाहीच. ती बेरीज आहे. तो दर परिच्छेदात आला, की लेखकाला आपला विषय आहे तेवढा पुरेसा वाटत नाही, अशी शंका मला येऊ लागते.

आता स्मरणिकेकडे परत जाऊ. समजा, गावच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांवर कुणी लिहिलंय : ‘ते केवळ ग्रंथपाल नव्हते, तर वाचनसंस्कृतीचे शिल्पकार होते.’ पहिलं अर्धं झाकून वाचलं तर काही हरवत नाही, म्हणजे नकार भरतीचा आहे. शिवाय ज्या माणसाने आयुष्यभर ग्रंथपालाचं काम जीव लावून केलं, त्याच्या त्या कामालाच ‘केवळ’ म्हणून वाक्य हलकं करतं. मग लिहिणाऱ्याला विचारावं, गावात त्यांच्याबद्दल काय बोललं जायचं? समजा तो सांगतो, की वार्षिक सभेत त्यांच्यावर दरवर्षी एकच ठपका यायचा : कपाटं रिकामी दिसतात, पुस्तकं गहाळ होतात. आता लिहा : ‘पुस्तकं गहाळ झाली नव्हती. ती घराघरांत होती. कोणतं कुणाच्या उशाशी आहे हे त्यांच्या वहीत तारखेसह लिहिलेलं होतं.’ रचना तीच आहे, पण नकाराला आता सभेतला तो आवाज मिळाला. आणि वहीचा उल्लेख आल्यावर शिल्पकार वगैरे म्हणायची गरज उरली नाही.

ही रचना एकामागून एक आली तर खरे नकारसुद्धा वाया जातात. भाषणात पहिल्या ‘नव्हे’ला श्रोता सावध होतो आणि दुसऱ्याला त्याला ताल सापडतो. तिसऱ्याला मात्र वक्त्याच्या आधीच त्याच्या मनात उत्तर तयार असतं, आणि ओळखलेल्या वळणाने कुणी दचकत नाही. तालाचं सुख मिळतं, टाळ्याही पडतात, पण काय सांगितलं हे घरी जाईपर्यंत विरून जातं.

विरोधाला नकार लागतोच असंही नाही. संविधान सभेतल्या 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी 26 जानेवारी 1950 नंतरचा विरोधाभास मांडला. राजकारणात समता असेल, सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता असेल, असा त्याचा आशय. दोन्ही बाजू खऱ्या आहेत आणि कुठलीच नाकारलेली नाही. त्या एकाच देशात, एकाच दिवशी शेजारी नांदणार आहेत, एवढंच त्यांनी दाखवलं. एक बाजू खोडली असती तर ऐकणाऱ्याला सुटका मिळाली असती. ती न मिळाल्यामुळेच हा विरोध आजही बोचतो. वास्तवात फट असेल तेव्हा ती दाखवणं पुरतं, हे मला या भाषणाइतकं स्वच्छ दुसरीकडे कुठे दिसलेलं नाही.

स्मरणिका आणि गौरवग्रंथ काढणाऱ्या संपादकांना माझी एक विनंती आहे. लेख मागवताना लेखकाला एवढंच विचारा, की या माणसाबद्दल लोकांचा कोणता गैरसमज होता आणि तो कशाने दूर झाला. गैरसमज असेल तर त्या जागी ‘नव्हे’ अवश्य छापा. नसेल, तर अण्णांनी काय केलं ते सरळ लिहायला सांगा.