मान्यतेचे कारण

वैद्यकीय महाविद्यालये, मोठी रुग्णालये आणि संशोधन संस्था यांच्या नीतिसमित्या आपल्या प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त लिहून ठेवतात. माणसांवर करावयाच्या संशोधनाचा प्रस्ताव आधी या समितीपुढे येतो आणि तिच्या मान्यतेशिवाय एकाही माणसाच्या रक्ताचा थेंब घेता येत नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने 2017 साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार या समितीत सात ते पंधरा सदस्य असतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो. डॉक्टरांच्या जोडीला कायदा जाणणारा एक जण, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान किंवा ईश्वरविद्या यांपैकी एखाद्या विषयाचा अभ्यासक आणि एक सर्वसामान्य नागरिक असावा, अशी अपेक्षा असते. आमच्यासारख्या धर्मगुरूला अशा टेबलापाशी खुर्ची मिळते ती या तरतुदीमुळे.

या इतिवृत्तांत एक वाक्य वारंवार भेटते : ‘प्रस्तावावर सविस्तर चर्चा झाली व मान्यता देण्यात आली.’ प्रस्ताव फेटाळताना समिती कारणे लिहिते, कारण संशोधक ती मागतो. अटी घालताना ती अटी लिहिते, कारण त्या पाळल्या जाव्यात अशी तिची इच्छा असते. मात्र होकार देताना कारण लिहिण्याचे कष्ट घेतलेले क्वचितच दिसतात. संशोधकाला हवे ते मिळालेले असते, मग कारण विचारणार कोण? आमच्या मते नैतिक प्रश्न इथेच उभा राहतो. समितीच्या होकाराचा भार संशोधकावर पडत नाही, समितीवर तर नाहीच नाही. तो पडतो त्या खोलीत नसलेल्या माणसावर. त्याच्या वतीने कारण विचारणारे कोणी नसल्यामुळे ते न विचारता लिहून ठेवणे समितीवर बंधनकारक ठरते.

खोलीत नसलेला हा माणूस कोण, हे समजून घेण्यासाठी आपण जव्हार तालुक्यातील वावरकडे वळू. 1992-93 साली वावर-वांगणी परिसरातील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला हादरवले. तेव्हा हा भाग ठाणे जिल्ह्यात होता. 2014 पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. भुकेने आणि आजाराने मुले दगावली, आणि त्यानंतर जव्हार-मोखाड्याचे नाव कुपोषणाच्या प्रत्येक अभ्यासात येऊ लागले. पाहणी करणारे आले, वजने घेणारे आले, दंडाचा घेर मोजणारेही आले. त्यांतील पुष्कळ जण कळकळीने आले होते, याविषयी आम्हांला शंका नाही. परंतु वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी कुटुंबांच्या दृष्टीने पाहिले तर जीपमधून उतरणारा प्रत्येक शिकलेला माणूस सरकारचाच असतो, आणि सरकारच्या माणसाला ‘नाही’ म्हणायचे असते हे त्यांना कोणी कधी सांगितलेले नसते.

अशा ठिकाणी संमतीचे काय होते याचे उदाहरण फार दूरचे नाही. 2009 साली त्या वेळच्या आंध्र प्रदेशातील खम्मम जिल्ह्यात आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यात दहा ते चौदा वर्षांच्या मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला प्रतिबंध करणारी लस देण्यात आली. त्यांत आदिवासी वसतिगृहांतील मुली मोठ्या संख्येने होत्या. या उपक्रमाला ‘प्रात्यक्षिक प्रकल्प’ असे नाव होते. सात मुलींच्या मृत्यूची बातमी आल्यावर एप्रिल 2010 मध्ये तो थांबवण्यात आला. ते मृत्यू लसीमुळे झाले नव्हते असा निष्कर्ष चौकशीतून निघाला, आणि पुढे ही लस अनेक देशांत उपकारक ठरली. हे दोन्ही मान्य केलेच पाहिजे. परंतु 2013 साली संसदीय समितीने आपल्या अहवालात संमतीपत्रांचा हिशेब मांडला. आंध्रातील 9,543 संमतीपत्रांपैकी 2,763 पत्रांवर वसतिगृहाच्या अधीक्षकांच्या सह्या होत्या. आईबाप हयात असताना त्यांच्या लेकींच्या वतीने होकार दिला तो पगारी कर्मचाऱ्यांनी. लस चांगली होती म्हणून त्या सह्या चांगल्या ठरत नाहीत.

अधीक्षक हा दुष्ट माणूस असतो, असे आम्हांला मुळीच म्हणायचे नाही. तो शंभर-दोनशे मुलांचे जेवण, अंथरूण, ताप, भांडणे सांभाळत असतो. वरून पत्र आले की त्याने सही करायची, ही त्याची सवय. या सवयीचा अंदाज समितीने आधी बांधायला हवा. त्यासाठी एक प्रस्ताव कल्पनेने घेऊ आणि तो इतिवृत्तात कसा उतरावा ते पाहू.

समजा, नोव्हेंबरमध्ये समितीपुढे एक प्रस्ताव आला. जव्हार आणि मोखाडा येथील आश्रमशाळांतील तीनशे मुलांमधील रक्तक्षयाचा अभ्यास करायचा आहे. निम्म्या मुलांना जेवणात लोहयुक्त पूरक पदार्थ द्यायचा, निम्म्यांना द्यायचा नाही आणि सहा महिन्यांनी दोन्ही गटांचे हिमोग्लोबिन तपासायचे. प्रत्येकाकडून पाच मिलिलिटर रक्त घ्यायचे, सिकल सेलची तपासणीही करायची आणि उरलेले रक्त ‘पुढील संशोधनासाठी’ जपून ठेवायचे. काम डिसेंबरात सुरू होईल. संमती मुख्याध्यापक देतील.

पहिली नोंद तुलनेच्या गटाविषयी व्हावी. शाळांमधून लोह आणि फॉलिक अॅसिडची साप्ताहिक गोळी देण्याचा सरकारी कार्यक्रम आहेच. म्हणून इतिवृत्तात लिहावे : ‘पूरक पदार्थ न मिळणाऱ्या गटाची साप्ताहिक गोळी कोणत्याही कारणाने बंद होणार नाही, या अटीवर तुलनेस हरकत नाही, कारण या गटाला अभ्यासामुळे आजच्यापेक्षा कमी मिळता कामा नये.’ वाक्य साधे आहे, पण ‘कारण’ या शब्दापुढचा भाग गाळला तर उद्या गोळ्यांचा पुरवठा खंडित झाल्यावर संशोधकाने काय करायचे, हे कोणाला सांगता येणार नाही. कारण लिहिलेले असेल तर उत्तर त्यातच आहे : त्याने गोळ्या आणून द्याव्यात किंवा अभ्यास थांबवावा.

दुसरी नोंद रक्ताविषयी. हिमोग्लोबिनसाठी बोटाला टोचून घेतलेले थोडे रक्त पुरेसे असेल, तर शिरेतून पाच मिलिलिटर कशासाठी? संशोधकाने ते स्पष्ट करावे. साठवणुकीला वेगळी संमती हवी, आणि ती नाकारली तरी मुलाला अभ्यासात राहता आले पाहिजे. सिकल सेलचा निकाल वर्गात यादी वाचून सांगितला जाणार नाही, तो पालकांना एकांतात, समुपदेशनासह दिला जाईल, अशी अट पडावी. लग्नाच्या बोलणीत एखाद्या मुलीच्या रक्ताचा निकाल फिरू लागला तर तिचे काय होईल, हे कळायला वैद्यकशास्त्र शिकावे लागत नाही. सर्वसामान्य नागरिकाची खुर्ची समितीत ठेवली आहे ती अशाच वेळी बोलण्यासाठी.

खरा पेच तिसऱ्या मुद्द्यावर येतो. मुख्याध्यापकाने शाळेत येण्याची परवानगी द्यावी. मुलाच्या शरीराची परवानगी त्याच्या हाती नाही. परिषदेची तत्त्वे याविषयी स्पष्ट आहेत : समाजाच्या प्रमुखाने वा संस्थेने दार उघडले, तरी व्यक्तीची संमती स्वतंत्रपणे घ्यावी लागते. मुलांच्या बाबतीत ती पालकांनी द्यायची. सात वर्षांपासून पुढे मुलाचीही अनुमती घ्यायची, बारापर्यंत तोंडी आणि त्यानंतर लेखी. पालकाला वाचता येत नसेल तर संशोधनाशी संबंध नसलेला साक्षीदार हजर हवा.

परंतु डिसेंबरात पालक कुठे असतात? आमच्या वसई-भिवंडीच्या वाचकांना हे निराळे सांगायला नको. दिवाळी आटोपली की जव्हार-मोखाड्याचे पाडे रिकामे होऊ लागतात. वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर, आपल्या बागा-शेतांतून राबणारी ही माणसे पावसाच्या तोंडाशी घरी परततात. लेक आश्रमशाळेत आणि आईबाप भट्टीवर, म्हणून तर मुख्याध्यापकाची सही सोयीची वाटते. मग भट्टीवर जाऊन संमती घ्यावी काय? तिथे उचल देणारा मालक दोन हातांवर उभा असतो. त्याच्या नजरेखाली उमटलेला अंगठा हा मोकळा अंगठा नव्हे.

समितीने येथे प्रस्ताव तहकूब करावा आणि कारण नोंदवावे : ‘पालक स्थलांतरित असल्याने या हंगामात मुक्त संमती घेणे शक्य नाही. जूननंतर पाड्यांवर, पालकांच्या बोलीत, त्यांच्या विश्वासातील व्यक्तीसमोर ती घेऊन प्रस्ताव पुन्हा सादर करावा.’ यावर डॉक्टर सदस्य उसळून म्हणतील की सहा महिने आम्ही रक्तक्षयाची मुले तशीच ठेवायची का? हा आक्षेप खरा आहे आणि तोही इतिवृत्तात यायला हवा. तहकुबीलाही किंमत असते, आणि ती पुन्हा खोलीत नसलेले मूलच मोजते. सत्शील माणसांना नकार देताना आपण पापापासून दूर राहिलो असे वाटते. वास्तविक त्यांनी केवळ दुसरा एक निर्णय घेतलेला असतो. यातून वाट निघते ती उपचार आणि अभ्यास यांची फारकत करून. शाळेतील नेहमीच्या आरोग्य तपासणीतून ज्यांचा रक्तक्षय आढळेल त्यांना आरोग्य केंद्राकडून उपचार आताच मिळावेत. थांबायचे आहे ते तुलनेला, औषधाला नव्हे. संशोधकाचा एक हंगाम वाया जाईल, तसेच उपचार मिळालेली मुले अभ्यासातून वगळावी लागतील आणि त्याची संख्याशास्त्रीय आखणी बदलेल. हे नुकसान समितीने मान्य करून लिहावे. ते लपवले तर पुढच्या वेळी कोणी तिच्या तहकुबीवर विश्वास ठेवणार नाही.

आणखी एक बाब आमच्या समाजाला लागू होते. त्या शाळेतील काही मुले एखाद्या मिशनच्या वसतिगृहात राहत असतील आणि त्या मिशनशी संबंधित धर्मगुरू समितीवर असेल, तर या प्रस्तावाची चर्चा सुरू होताच त्याने उठून बाहेर जावे आणि तो बाहेर गेल्याची वेळ इतिवृत्तात पडावी. मुलांविषयीची माया हा हितसंबंध नव्हे, असे त्याला वाटेल. पण संशोधकाने वसतिगृहाला पाण्याची टाकी देऊ केली असेल, तर त्याच्या होकारात टाकीचा वाटा किती आणि मायेचा किती, हे त्यालाही सांगता येणार नाही.

समजा, प्रस्ताव जूनमध्ये पुन्हा आला, अटी मान्य झाल्या आणि मान्यता मिळाली. समितीचे काम तेथे संपत नाही. तिला ठरावीक काळाने अहवाल मागवावा लागतो. त्या अहवालात समितीने सर्वांत आधी एकच आकडा पाहावा : किती कुटुंबांनी नकार दिला? तीनशेपैकी काहींनी नकार दिला असेल, एखाद्या मुलाने सुई पाहून हात मागे घेतला असेल आणि संशोधकाने त्याला जाऊ दिले असेल, तर पाड्यावर प्रश्न खरोखर विचारला गेला असे समजावे. नकारांच्या रकान्यात शून्य असेल, तर इतिवृत्तात अभिनंदन नोंदवू नये. पुढील बैठकीपूर्वी एका सदस्याने बोली जाणणाऱ्या माणसासह वावरला जावे, दहा-बारा घरांत बसावे, आणि मुलाचे रक्त कशासाठी घेतले होते हे आईला विचारून तिचे उत्तर तिच्याच शब्दांत लिहून आणावे, असे त्यात ठरावे.