हो म्हणायचं, ते कुणाला?

जव्हार तालुक्यातल्या वावरच्या एका पाड्यावर आशाताईंशी झालेलं हे बोलणं. मी तरुण मुलांकडून संहितेविना उभं राहून नाटक रचण्याचे खेळ करून घेतो. ताईंच्या घरभेटींत त्याचा उपयोग होईल असं माझं म्हणणं होतं. त्यांना ते पटलं नव्हतं, आणि माझ्या मते अजूनही पटलेलं नाही.

मी : खेळ साधा आहे. समोरचा जे बोलला ते घडलंच आहे असं धरायचं आणि त्यावर आपली एक वीट चढवायची. ‘हो, आणि...’. शिकागोत 1959 साली ‘सेकंड सिटी’ नावाची मंडळी सुरू झाली, त्यांच्या परंपरेत हा पहिला धडा. लंडनचे नाट्यशिक्षक कीथ जॉनस्टन समोरच्याच्या बोलण्याला ‘देणं’ म्हणायचे. ते घ्यायचं. नाही घेतलं, तर खेळ तिथंच अडतो.

ताई : म्हणजे बाई म्हणाली, पोराला बाहेरचं लागलंय, तर मी म्हणू हो, लागलंय?

मी : नाही. इथंच गल्लत होते. नाटकात बायको नवऱ्याला म्हणते, ‘मी घर सोडून चालले.’ नवऱ्याचं पात्र ‘जाऊ नकोस’ म्हणू शकतं. पण नटाला ‘तू कुठे माझी बायको?’ असं म्हणता येत नाही. पात्र नकार देतं, नट होकार देतो. होकार मताला नसतो, मांडलेल्या परिस्थितीला असतो.

ताई : मग सांगा, तिथं मी काय बोलायचं?

मी : ती नेमकं काय म्हणते?

ताई : ‘रात्रभर रडतं, खात नाही, भगताकडे नेलं होतं.’

मी : आता चार जणी चार तऱ्हांनी बोलतील. पहिली म्हणेल, ‘भगत काय करणार, दंड मोजू दे.’ हा सरळ अडसर. दुसरी म्हणेल, ‘हो, पण दवाखान्यात न्यायला हवं होतं.’ हाही अडसरच, फक्त दारात ‘हो’ टांगलेला. तिसरी म्हणेल, ‘माझाही धाकटा असाच रडायचा.’ हे आपुलकीचं वाटतं, पण बोलणं त्या बाईच्या ओटीवरून उचलून आपल्या घरी नेलेलं असतं. चौथी म्हणेल, ‘रात्रभर रडतं, म्हणजे तुझीही झोप गेली. आणि खात नाही म्हणजे पेजही नको म्हणतं?’ चौथीच्या वाक्यात बाईचंच सामान आहे.

ताई : चौथीनं प्रश्न विचारला. तुमच्या खेळात प्रश्न चालतो?

मी : शिकवताना आम्ही प्रश्न टाळायला सांगतो, कारण रंगमंचावर प्रश्न म्हणजे रचण्याचं ओझं दुसऱ्यावर ढकलणं. इथं तो हवाच. पण बाईच्या शब्दातूनच निघालेला.

ताई : आणि त्यातून मला काय मिळतं? मी पट्टी लावते. साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळी. बाई काय म्हणते यानं पट्टी बदलत नाही.

मी : पिवळी आली, तर तुम्ही काय करता?

ताई : मॅम म्हणून नोंद. अंगणवाडीचा आहार, पुढच्या महिन्यात परत मोजणं.

मी : आणि ते मूल पेजही नको म्हणत असेल तर?

ताई : (थांबून) तर ते घरी ठेवायचं पोर नाही. भूकच मेली असेल तर आतून काही तरी बिघडलंय. सॅमच्या पोराची भूक चाचणीच घेतात. खाल्लं तर गावातच उपचार, नाही खाल्लं तर जव्हारला एनआरसीत. पायावर अंगठा दाबून खळगा राहिला तर पट्टी काहीही म्हणो, तेही धोक्याचंच.

मी : म्हणजे तिचं दुसरं वाक्य पट्टीपेक्षा आधी बोललं. पट्टीकडे वळायची घाई केली असती तर ते निघालं नसतं.

इथं मला वाटलं, जिंकलो. पण ताई त्याच जागी अडून बसल्या.

ताई : सर, तुमचा नट पुढं काय होणार ते ठरवून येत नाही ना? मी ठरवून जाते. पोर जव्हारला न्यायचं, हे माझ्या मनात आधीच असतं. मग माझा ‘हो’ गळ झाला. बाईला कळत नाही असं समजू नका. गोड बोलायला लागले की ती ओळखते, आता जव्हार येणार.

मी : तमाशातल्या बतावणीतही सोंगाड्या सरदाराचा शब्द उचलतो आणि...

ताई : आणि त्याला भलतीकडे नेतो! शब्द घेतो, अर्थ फेकतो. लोक हसतात ते त्यालाच. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूनं आहे.

खरंच होतं. बतावणीतला होकार कुरघोडीसाठी असतो. मी दुसरीकडून आलो.

मी : मग कसोटी ही धरू : बाईच्या बोलण्यानं तुमचं ठरलेलं बदलू शकतं का? तिनं काहीही सांगितलं तरी शेवट तोच असेल, तर तो गळच. त्यापेक्षा सरळ ‘पायाला सूज आहे, आज निघायचं’ म्हणणं प्रामाणिक.

ताई : म्हणजे तुमची सवय बऱ्या दिवसांची. पोर मरायला टेकलं की खेळ बंद.

मी : खेळ बंद. पण बऱ्या दिवसांत तिचं ऐकलं असेल, तर त्या दिवशीचा हुकूम ती मानते.

ताई : काही मानतात. (जरा वेळानं) 1992-93ला वावर-वांगणीत पोरं गेली. तेव्हा हा ठाणे जिल्हा होता. भुकेनं गेली की आजारानं, यावर भांडणं झाली. जणू भुकेल्या पोराला आजार वेगळा येतो. त्यानंतर आमचं ऐकून घेणारेही पुष्कळ आले. आमच्या प्रत्येक वाक्याला ‘हो’. ‘आणि’च्या पुढं मात्र ज्याचं त्याचं. कुणाची योजना, कुणाचा फोटो.

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘आणि’च्या पुढचं सामान कुणाचं, हे नियमात लिहिलेलं नाही, शिकवणारेही ते नटाच्या दानतीवर सोडतात.

ताई : आता एक खरं वाक्य देते. त्याला ‘हो, आणि’ करून दाखवा. ‘दिवाळी झाली की भट्टीवर जायचंय.’

मी : हो, जायचंय, आणि पोराला बरोबरच न्यावं लागेल...

ताई : चुकलात. तिनं ठरवलेलंच नाही. मुकादमाकडून नवऱ्यानं पावसाळ्यात उचल घेतलीय. ती खाऊन संपली. एनआरसीत चौदा दिवस राहिली तर बुडीत मजुरीचे पैसे मिळतात, पण मुकादम वाट बघत नाही. मी तिच्या वाक्याला ‘हो’ म्हणते, तेव्हा त्याच्या वाक्याला ‘हो’ म्हणते. तो तर इथं बसलेलाही नाही.

मी : मग ‘नाही’ म्हणा.

ताई : कुणाला? तिला? उचल तिनं घेतली नाही.

मी म्हणालो, खेळात असा प्रसंग येत नाही, कारण तिथं जे काही खरं मानायचं ते समोर उभ्या असलेल्यांनीच मांडलेलं असतं. ताईंना त्यात रस नव्हता.

ताई : मी भट्टी कुठली ते विचारते. भिवंडीकडची की वसईकडची, गाव कुठलं, मालक कोण. वहीत लिहिते. मग त्या गावच्या अंगणवाडीताईला फोन करते, की अमक्याचं पोर येतंय, वजन एवढं, दंड एवढा, उतरल्या दिवशी बघ. कधी ती उचलते, कधी म्हणते, भट्टीवरची पोरं माझ्या यादीत नाहीत.

मी : पण हे ‘हो, आणि’च झालं की!

ताई : तुम्हाला सगळंच ते वाटतं, सर. मी वाट सापडत नाही म्हणून फोन करते. ती भट्टीवर गेली नसती तर बरं झालं असतं, हे मी तिला तोंडावर सांगते. दर वर्षी सांगते. ती ‘हो’ म्हणते आणि जाते.